एका फ्रेमचे मिलिसेकंद नेमके किती धरायचे? सबटायटल शेवटाकडे पुढं पळून राहिले

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडच्या एका गावात आम्ही काही पोरांनी मिळून शॉर्ट फिल्म केली आहे, तेवीस मिनिटांच्या आत-बाहेर, सगळे डायलॉग वऱ्हाडीत. पुण्या-मुंबईकडच्या फेस्टिव्हलले पाठवायची म्हणून सबटायटल करून राहिलो. एडिटिंग करणाऱ्या मित्रानं एका शीटमध्ये प्रत्येक डायलॉग कोणत्या फ्रेमवर सुरू होते अन् कोणत्या फ्रेमवर संपते ते लिहून देल्लं आहे. वेळ नाही लिहिली, फक्त फ्रेम नंबर. आता एसआरटी फाईलले तर तास-मिनिट-सेकंद अन् पुढं मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका फ्रेमचे मिलिसेकंद काढून फ्रेम नंबरले गुणायचं, एवढं समजलं.

पण एक जण म्हणते ४१ धर, दुसरा म्हणते ४२, कॅल्क्युलेटरवर ४१.६६६ येते, अन् एका ठिकाणी मी ४१.७०८ वाचलं. फिल्म २४ फ्रेमची आहे, कॅमेऱ्याच्या मेनूत २४ च लिहून होतं. मी ४१.६७ नं गुणून पाहिलं. सुरुवातीचे डायलॉग एकदम बरोबर बसले, कुठं बोट ठेवाले जागा नाही. पण मध्यापासून सबटायटल आधी येऊन राहिले अन् शेवटी तर आजी विहिरीवर उभी आहे, तिनं तोंडही उघडलं नाही अन् खाली अक्षरं आली. तो आमच्या फिल्मचा सगळ्यात महत्त्वाचा डायलॉग आहे, थोच आधी फुटून राहिला. कोणतं धरू सांगा.

नरखेडचा_संत्रा
अरे भाऊ याच्यात काय एवढं, एका सेकंदात हजार मिलिसेकंद, हजार भागिले २४, झाले ४१.६७. २५ ची फिल्म असती तर बरोबर ४०, ३० ची असती तर ३३.३३. तुझं उत्तर बरोबरच आहे, शीटमध्येच कुठंतरी एखादी ओळ सरकली असन, फ्रेम नंबर चुकीचा लिहिला असन मित्रानं. एकदा मधून तपासून पाहा.

पऱ्हाटी
ओळ नाही सरकली भाऊ, ते पाहिलं आधी. ओळ सरकली असती तर तिथून पुढचं सगळं एकदम सरकलं असतं ना. हे तर हळूहळू वाढून राहिलं, पहिल्या मिनिटाले काहीच नाही, दहाव्या मिनिटाले अर्धा सेकंद वाटते, शेवटी सव्वा सेकंद तरी आहे.

संध्या_मोर्शी
पऱ्हाटी, तुम्ही जे शेवटी लिहिलं ना, ‘हळूहळू वाढून राहिलं’, त्यातच उत्तर आहे. सबटायटल सगळीकडे सारखेच पुढे किंवा मागे असतील तर सुरुवातीचा शून्य कुठे धरला ते बघायचं. पण फरक वाढत जात असेल तर एका फ्रेमची लांबीच चुकीची धरलेली असते, दर फ्रेमला थोडी थोडी चूक साचत जाते.

आता नरखेडच्या दादांचा भागाकार बरोबर आहे, पण तो खऱ्या २४ साठी. बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांच्या मेनूत २४ लिहिलेलं असतं आणि आत फाईल बनते ती २३.९७६ ची. नेमकं सांगायचं तर २४००० भागिले १००१. म्हणजे एक फ्रेम १००१ भागिले २४ मिलिसेकंदांची, ४१.७०८३३ आणि पुढे तीन तीनच. तुम्ही जे ४१.७०८ वाचलं ते हेच.

तुमचा आकडा घालून बघा. शेवटचा तो आजीचा डायलॉग कोणत्या फ्रेमवर आहे? आणि अंदाजाने काही धरू नका, आधी फाईललाच विचारा. कॉम्प्युटरवर `ffprobe` असेल तर ही ओळ चालवा, फाईलचं नाव तेवढं तुमचं टाका:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 film.mp4
```

मोबाईल_फोटोवाला
माझ्या मते तुम्ही शटर पाहा. मी लग्नाचे व्हिडिओ करतो, २५ फ्रेमवर शटर 1/50 ठेवतो, म्हणजे एक फ्रेम २० मिलिसेकंदाची झाली. तुमचं शटर किती होतं त्याच्यावर आहे सगळं. नाहीतर ट्यूबलाईटमध्ये पट्टे येतात.

संध्या_मोर्शी
शटर वेगळं दादा. 1/50 म्हणजे सेन्सरवर उजेड २० मिलिसेकंद पडला. पण पुढचा फ्रेम ४० मिलिसेकंदांनीच येतो ना, मधले २० मिलिसेकंद कॅमेरा उजेड घेत नाही एवढंच. सबटायटलला दोन फ्रेममधलं अंतर लागतं, उजेड किती वेळ घेतला ते नाही. पट्ट्यांचं तुमचं बरोबर आहे, आपल्याकडे लाईट ५० हर्ट्‌झची, दिवा सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो, त्याच्याशी 1/50 जुळतं. पण इथे तो प्रश्न नाही.

तंबूवाले_काका
मी टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होतो, जत्रेजत्रेत तंबू लावत फिरलो. संध्याताईनं जे म्हटलं ते प्रोजेक्टरमध्ये डोळ्यानं दिसे. पस्तीस एमएमच्या मशीनमध्ये माल्टीज क्रॉस असते, चार खाचांचा. एक फ्रेम खिडकीत येऊन थांबते, मग क्रॉस फिरते अन् पुढचा फ्रेम ओढते. या साऱ्याले एका फ्रेमचा वेळ लागे, सेकंदाचा चोविसावा भाग. त्यातला पाव भाग ओढण्यात जाये, पाऊण भाग फ्रेम थांबून राहे. ओढताना पडद्यावर उजेड गेला तर चित्राच्या रेघा ओढल्या जातात, म्हणून शटरचं पातं आडवं येते. अन् त्या पात्याले दुसरं एक पंख राहे, थांबलेल्या फ्रेमवरच आणखी एकदा अंधार कराले, नाहीतर पडदा लुकलुक करे. म्हणजे उजेड सेकंदाले अठ्ठेचाळीस वेळा पण फ्रेम चोवीसच. शटर अन् फ्रेम एक नाही.

पण ताई, हे २३.९७६ काय भानगड आहे? आमच्या मशीनले चोवीस म्हणजे चोवीस. फुटाले सोळा फ्रेम, मिनिटाले नव्वद फूट. दोन हजार फुटाचं रीळ बावीस मिनिटात संपे, याहीची फिल्म तेवढीच आहे. हे अर्धवट चोवीस कोणी काढलं?

पऱ्हाटी
ताई चालवली ओळ. हे आलं:

```
r_frame_rate=24000/1001
avg_frame_rate=24000/1001
```

अन् आजीचा डायलॉग फ्रेम ३१,६८० वर सुरू होते.

संध्या_मोर्शी
झालं मग. ३१,६८० ला १००१ ने गुणून २४ ने भागा, १३,२१,३२० मिलिसेकंद येतात. म्हणजे २२ मिनिटं १ सेकंद ३२० मिलिसेकंद. तुम्ही ४१.६७ ने गुणलं तेव्हा १३,२०,१०५ आणि थोडं आलं असेल. फरक १,२१४ मिलिसेकंदांचा, तुम्ही सव्वा सेकंद म्हणालात तोच. आणि पहिल्या मिनिटाला, फ्रेम १,४४० वर, हाच फरक फक्त ५५ मिलिसेकंद आहे, सव्वा फ्रेम, म्हणून तिथे काही दिसलं नाही. दहाव्या मिनिटाला ५५२, तुमचा अर्धा सेकंद. तिन्ही जागी तुमचं निरीक्षण आकड्याशी जुळतं, त्यामुळे दुसरं काही कारण शोधायची गरज नाही.

काका, ते अमेरिकेच्या टीव्हीमुळे. तिकडे टीव्ही ३० फ्रेमचा होता. १९५३ साली कलरची पद्धत मंजूर झाली तेव्हा कलरचा सिग्नल आणि आवाजाचा सिग्नल एकमेकात मिसळून पडद्यावर जाळी दिसू नये म्हणून फ्रेमरेट हजाराला एक एवढा कमी केला, ३० चा झाला २९.९७. मग फिल्म त्या टीव्हीवर दाखवायची तर २४ ला पण त्याच प्रमाणात खाली यावं लागलं. ते तेव्हापासून चालत आलं आणि डिजिटल कॅमेऱ्यात पण शिरलं. आपल्याकडे १९८२ ला दूरदर्शनवर कलर आलं ते पाल पद्धतीचं, २५ फ्रेमचं, तिथे ही हजार-एकची गोष्टच नाही, एक फ्रेम सरळ ४० मिलिसेकंद.

तंबूवाले_काका
असं हाय तर. टीव्हीवर पिक्चर लवकर संपे, अडीच तासाचा पिक्चर असला तर पाच-सहा मिनिटाचा फरक पडे, आम्ही म्हणू याहीनं कापलं.

संध्या_मोर्शी
कापत पण असतील काका, पण न कापताही फरक पडतो. २४ ची फिल्म २५ ने चालवली की १५० मिनिटांचे १४४ होतात. प्रत्येक फ्रेम ४१.६७ ऐवजी ४० मिलिसेकंदच थांबतो ना. आवाजाची पट्टी पण किंचित चढते.

नरखेडचा_संत्रा
ठीक आहे, २३.९७६ असं मला ध्यानात नव्हतं आलं. पण मग सोपा उपाय सांगतो, फ्रेम नंबरच्या भानगडीत कायले पडता. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईमकोड दिसते, तास मिनिट सेकंद अन् शेवटी फ्रेम. त्याच्यातले तास मिनिट सेकंद आहेत तसेच एसआरटीत लिहा, फक्त शेवटचे जे फ्रेम आहेत, ० ते २३, तेवढ्यालेच ४१.७ नं गुणा. मोठा गुणाकार नाही अन् चूक साचायचा प्रश्नच नाही, दर सेकंदाले नव्यानं सुरू होते. मी माझ्या पंचवीसवाल्या व्हिडिओले असंच करतो, कधी एक फ्रेम इकडचं तिकडं झालं नाही.

पऱ्हाटी
हे पटून राहिलं मले. ताई असं करू का?

संध्या_मोर्शी
२५ ला हे अगदी बरोबर चालतं, खऱ्या २४ ला पण. २३.९७६ ला इथेच फसगत होते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

टाईमकोड हा घड्याळ नाही, तो फ्रेमला दिलेला नंबर आहे. सॉफ्टवेअर २४ फ्रेम मोजतं आणि सेकंदाचा आकडा एकाने वाढवतं. पण २३.९७६ मध्ये ते २४ फ्रेम पडद्यावर यायला १,००१ मिलिसेकंद लागतात. म्हणजे टाईमकोडचा प्रत्येक सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा एक मिलिसेकंदाने मोठा आहे. फ्रेम ३१,६८० चा टाईमकोड असेल 00:22:00:00, आणि घड्याळात तेव्हा २२ मिनिटं १.३२ सेकंद झालेली असतील. तो २२ मिनिटांचा आकडा तसाच एसआरटीत लिहिला तर आजीचा डायलॉग परत सव्वा सेकंद आधीच येईल, आता आहे त्याहून शंभर मिलिसेकंद जास्तच आधी. शेवटच्या फ्रेमांना ४१.७ ने गुणा की ४१.७०८ ने, त्याने काही फरक पडत नाही, कारण चूक त्या तेवीस फ्रेमांत नाहीच, ती पुढच्या मिनिट-सेकंदांत बसली आहे.

टाईमकोडच हातात असेल तर आधी त्याचे पूर्ण फ्रेम करा, मिनिट गुणिले ६० अधिक सेकंद, ते गुणिले २४, अधिक शेवटचे फ्रेम, आणि मग १००१ भागिले २४. तुमच्या मित्राने सरळ फ्रेम नंबर लिहून दिले ते उलट चांगलंच केलं आहे. फक्त बघून घ्या, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईमलाईन शून्यापासून सुरू होते की एक तासापासून. बऱ्याच ठिकाणी सुरुवात 01:00:00:00 ला ठेवतात.

नरखेडचा_संत्रा
हां, सेकंदच मोठा आहे. हे मी असं कधी पाहिलं नव्हतं, पंचवीसमध्येच काम केलं म्हणून.

वडसाकर
माझा पण असाच प्रॉब्लेम आहे जी, म्हणून इथेच विचारतो. झाडीपट्टीत नाटकाचा सीजन चालू आहे आमच्या वडशाकडे, रात्रभराचं नाटक असते, मी मोबाईलवर स्टँड लावून शूट केलं अन् आवाज मिक्सरवरून वेगळा रेकॉर्डरमध्ये घेतला. मोबाईल ३० फ्रेम दाखवते, म्हणून ३३.३३ मिलिसेकंद धरले. आवाज काही जुळत नाही जी, कधी पुढे कधी मागे. मी पण १००१ वालं धरू का? ताईनं दिलेली ओळ चालवली तर वरती 30/1 आलं अन् खालती भला मोठा अपूर्णांक, भागून पाहिला तर २८.६ च्या जवळपास येते.

संध्या_मोर्शी
नाही वडसाकर, तुमचा आजार वेगळा आहे. वरचा आणि खालचा आकडा वेगळा आला म्हणजे मोबाईलने फ्रेम सारख्या अंतरावर घेतलेलेच नाहीत. अंधार झाला, मोबाईल तापला, की तो फ्रेम थोडे लांबवतो. रात्री स्टेजवर लाईट मंद होतो, त्या प्रसंगात एखादा फ्रेम ३३ चा, एखादा ४० चा, एखादा ५० चाही निघतो. अशा फाईलला ‘एका फ्रेमचे मिलिसेकंद’ असा आकडाच नाही. २८.६ ची सरासरी काढली तर ३५ च्या आसपास येईल, पण त्या आकड्याचा एकही फ्रेम फाईलमध्ये नसेल कदाचित. तिथे फ्रेम नंबरवरून वेळ काढायची नाही, प्रत्येक फ्रेमसोबत त्याची स्वतःची वेळ फाईलमध्ये लिहिलेली असते, ती खरी.

एडिटिंगला घेण्याआधी फाईल एकसारख्या फ्रेमची करून घ्या:

```
ffmpeg -i natak.mp4 -vf fps=25 -c:a copy natak25.mp4
```

यात कुठे फ्रेम दोनदा येईल, कुठे एखादा गळेल, पण वेळ सरळ राहील आणि मग ४० मिलिसेकंद धरून मोजता येईल. तुमचा मोबाईल ३० चा आहे म्हणून `fps=30` पण चालेल, मग ३३.३३ न लिहिता हजार भागिले तीस असंच लिहा.

वडसाकर
करून पाहतो जी. पण मिक्सरचा आवाज वेगळा आहे ना, तो पण जुळेल का?

संध्या_मोर्शी
ते इथून सांगता येणार नाही. रेकॉर्डरचं स्वतःचं घड्याळ असतं, मोबाईलचं वेगळं, रात्रभराच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्यातही फरक पडतो. फाईल एकसारखी केल्यावर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एकेक जागा बघा, ढोलकीची थाप किंवा दार आपटल्याचा आवाज. फरक एकाच दिशेने सरळ वाढत असेल तर घड्याळांचा फरक, आवाज थोडा ताणून घ्यावा लागेल. अजूनही मागे-पुढे उड्या मारत असेल तर व्हिडिओचंच काही राहिलं आहे. बघून इथे लिहा.

निशा_पुसद
मी बीएस्सीला आहे, वाचून लॅपटॉपवर करून पाहिलं. माझ्याकडे २३.९७६ ची एक एमकेव्ही फाईल आहे, तिच्यात फ्रेमच्या वेळा काढल्या तर ०, ४२, ८३, १२५, १६७, २०९, २५० अशा येऊन राहिल्या. म्हणजे कधी ४२ चं अंतर, कधी ४१ चं. मग ४१.७०८ कुठे गेलं? ही फाईल पण वडसाकरांच्या मोबाईलसारखी झाली का?

संध्या_मोर्शी
नाही निशा, ती फाईल चांगली आहे. एमकेव्हीत वेळ सहसा पूर्ण मिलिसेकंदात लिहितात, अपूर्णांकाला जागा नसते. ४१.७०८ चे झाले ४२, ८३.४१६ चे ८३, १२५.१२५ चे १२५. प्रत्येक फ्रेमची वेळ मूळ आकड्यावरून काढून मग गोल केली आहे, म्हणून चूक अर्ध्या मिलिसेकंदाच्या आतच राहते, वाढत नाही. एमपीफोरमध्ये बरेचदा सेकंदाचे २४,००० तुकडे करतात आणि एक फ्रेम १,००१ तुकड्यांचा धरतात, तिथे गोल करायची वेळच येत नाही.

पऱ्हाटींच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं, ४१ की ४२, त्याचं पण उत्तर हेच. एक फ्रेम गोल करून मग गुणायचं नाही. ४२ धरून ३१,६८० ला गुणलं तर सबटायटल नऊ सेकंदांहून जास्त उशिरा येईल, ४१ धरलं तर बावीस सेकंद आधी. आधी फ्रेम नंबरला १००१ ने गुणा, मग २४ ने भागा आणि सगळ्यात शेवटी, एकदाच, पूर्ण मिलिसेकंद करा.

निशा_पुसद
शेवटी एकदाच गोल करायचं समजलं, पण कोणत्या बाजूला ताई? समजा फ्रेम १८,२०६ आहे. गुणून भागून ७,५९,३४१.९१७ आले. जवळचा पूर्ण आकडा ७,५९,३४२. पण फ्रेम तर ३४१.९१७ लाच पडद्यावर आला, सबटायटल म्हणते मी ३४२ ला येतो. प्लेअरने फ्रेम दाखवताना विचारलं ‘आत्ता कोणतं सबटायटल आहे’ तर उत्तर येईल अजून कोणतंच नाही. मग ते पुढच्या फ्रेमवर दिसेल ना, पूर्ण ४१.७ मिलिसेकंद उशिरा? खालचा आकडा, ३४१, घेतला तर त्याच फ्रेमवर दिसेल. अन् मागच्या फ्रेमवर जायची भीती नाही, कारण मागचा फ्रेम ३०० लाच येऊन गेला आहे.

संध्या_मोर्शी
बरोबर पकडलंस. मी स्वतः `ROUND` च वापरत आले, पण तुझं म्हणणं जास्त पक्कं आहे, खालचा आकडा घेतला तर फ्रेम चुकायला जागाच राहत नाही. सबटायटल संपायच्या वेळेलाही तेच लागू होतं. शॉट जिथे बदलतो नेमकं तिथे सबटायटल लावायचं असेल तर एक फ्रेम मागे राहिलेली अक्षरं डोळ्याला खुपतात. तर पऱ्हाटी, शीटमध्ये ए कॉलममध्ये फ्रेम नंबर असेल तर बी मध्ये आणि सी मध्ये हे:

```
=INT(A2*1001/24)
=SUBSTITUTE(TEXT(B2/86400000,"hh:mm:ss.000"),".",",")
```

दुसरी ओळ मिलिसेकंदांची एसआरटीसारखी वेळ करून देते, स्वल्पविरामासकट. आणि एक तपासा, मित्राचा पहिला फ्रेम नंबर ० आहे की १. एकपासून मोजलं असेल तर `A2` च्या जागी `(A2-1)` करा, नाहीतर पूर्ण फिल्मभर एका फ्रेमचा सारखा फरक राहील.

तंबूवाले_काका
एक फ्रेमचा फरक कोणाले दिसते ताई? आमच्या तंबूत स्पीकर पडद्यामागं अन् माणसं पार शंभर फुटापर्यंत बसलेली. आवाजाले तिथवर जाले वेळ लागतेच की.

संध्या_मोर्शी
हो काका, आवाज एका फ्रेममध्ये साधारण चौदा मीटर जातो. शंभर फूट म्हणजे तीस मीटर, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ओठ हलल्यावर दोन फ्रेम उशिरा ऐकू येत होतं आणि कोणी तक्रार केली नाही. आवाज थोडा मागून आला तर माणूस चालवून घेतो, आधी आला तर लगेच खटकतं. अक्षरांचं पण मला तसंच वाटतं, सबटायटल दोन फ्रेम मागे आलं तर चालतं, माणसाच्या आधी आलं की डायलॉगची मजा जाते.

निशा_पुसद
अक्षरांच्या बाबतीत मला तसं नाही वाटत. वाचायला वेळ लागतो म्हणून मला तर दोन-तीन फ्रेम आधी आलेलं सोयीचं वाटते.

संध्या_मोर्शी
याच्यावर माणसं दोन्हीकडून बोलतात. पण आजीच्या डायलॉगला तरी मी आधी आणणार नाही.

पऱ्हाटी
ताई, निशा, दोघींचे आभार. मित्राले फोन करून विचारलं, पहिला फ्रेम ० च आहे अन् टाईमलाईन पण शून्यापासूनच आहे. दोन्ही ओळी शीटमध्ये टाकल्या, सारे आकडे बदलले. फ्रेम १८,२०५ वर एक डायलॉग आहे, सरपंच फाटकाजवळ थांबते अन् ‘पाणी आलं का’ म्हणते. जुन्या हिशेबानं तो 00:12:38,602 ले येत होता, आता 00:12:39,300 ले. चालवून पाहिलं, फाटकाची कडी वाजते, सरपंच मान वर करते अन् बरोबर तिथंच अक्षरं येतात. आजीचा पण बसला. काल रात्री लाईट गेली म्हणून पूर्ण फिल्म एका दमात पाहता नाही आली, आज सकाळी सगळ्याहीनं मिळून पाहिली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत कुठंच पुढं-मागं नाही.

आता एक विचारतो. एका फेस्टिव्हलच्या फॉर्ममध्ये लिहून आहे की निवड झाली तर डीसीपी लागते. तिथं हीच एसआरटी देऊ ना?

संध्या_मोर्शी
थांबा, तशीच देऊ नका. डीसीपी थिएटरसाठी असतो, आणि तो सहसा खऱ्या २४ चा करतात, काकांच्या मशीनसारखा. २३.९७६ ची फाईल लॅबमध्ये गेली की बहुतेक वेळा फ्रेम तेच ठेवतात, फक्त २४ ने चालवतात. म्हणजे एक फ्रेम ४१.७०८ वरून ४१.६६७ चा होतो आणि फिल्म हजाराला एक एवढी लवकर संपते. आवाज पण तेवढा आखडून घ्यावा लागतो. तुमची आत्ताची एसआरटी ४१.७०८ वर बसवलेली आहे, ती त्या डीसीपीवर लावली तर आजीचा डायलॉग आता उलट १.३२ सेकंद उशिरा येईल.

उपाय सोपा आहे, कारण तुमच्याकडे मूळ फ्रेम नंबर आहेत. डीसीपीसाठी वेगळी फाईल करा, सूत्रात फक्त १००१ च्या जागी १०००:

```
=INT(A2*1000/24)
```

तेव्हा फ्रेम ३१,६८० बरोबर १३,२०,००० ला येईल, 00:22:00,000. नरखेडच्या दादांची टाईमकोडची पद्धत पण तिथे लागू पडेल.

नरखेडचा_संत्रा
म्हणजे माझं ४१.६७ तिथं कामी आलं, फक्त गोल न करता.

पऱ्हाटी
पण ताई लॅबवाला फ्रेम तेच ठेवते की मधे काही फ्रेम गाळते-टाकते, हे मले कसं समजन?

संध्या_मोर्शी
ते त्यांनाच विचारावं लागेल, प्रत्येक ठिकाणी सारखं करतात असं नाही. काही जण लांबी तशीच ठेवून मधे एखादा फ्रेम दोनदा घालतात, साधारण ४२ सेकंदांनी एक. तसं केलं असेल तर तुमची आत्ताची १००१ वाली फाईलच चालेल. एडिटमधून बाहेर काढलेली फाईल एकूण किती फ्रेमची आहे तो आकडा त्यांना लिहून द्या आणि डीसीपीचा आकडा मागा. दोन्ही सारखे आले तर १००० वाली एसआरटी, डीसीपीत तीसेक फ्रेम जास्त निघाले तर १००१ वाली. आणि फाईलच्या नावातच २३९७६ आणि २४ लिहून ठेवा, नाहीतर ऐनवेळी चुकीची अटॅच होते.

पऱ्हाटी
दोन्ही बनवून ठेवतो. फेस्टिव्हलवाल्यांले मेल केला आहे, उत्तर आलं की लॅबचं काय ते इथं टाकतो.

वडसाकर
माझी फाईल अजून कन्व्हर्ट होऊनच राहिली जी, रात्रभराचं नाटक आहे. अर्धी झाली त्यात पहिल्या अंकाची ढोलकी जुळली. तिसऱ्या अंकाचं उद्या सांगतो.